फ्लॉवर शिजवावा किती?

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, अरवलीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांच्या पायथ्याशी मानेसर वसलेले आहे. एके काळचे हे शेतकऱ्यांचे खेडे आज मोटारींच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांमुळे ओळखले जाते. या कारखान्यांच्या निमित्ताने तेथे येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या हिवाळ्यात ज्या नव्या गोष्टींची ओळख होते, त्यांत फ्लॉवरचे स्थान बरेच वरचे आहे. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत बाजारात जिकडे पाहावे तिकडे फ्लॉवरच्या गड्ड्यांच्या राशी दिसतात. भाजी ताजी असते, स्वस्त असते आणि आठवड्यातून तीनचार वेळा घरात येते. आणि मग एक अडचण उभी राहते. बाहेर कडाक्याची थंडी आणि धुरकट हवा, खिडक्या बंद, स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये बहुधा दारही नाही. अशा घरात सकाळी केलेल्या भाजीचा वास संध्याकाळी पडद्यांना येत राहतो. शिवाय ज्या भाजीने घर असे भरून टाकले, ती ताटात पाहावी तर तुऱ्यांचा लगदा झालेला.

गृहिणी या दोन तक्रारी वेगळ्या समजते. वासासाठी ती हिंग वाढविते आणि लगद्यासाठी विक्रेत्याला दोष देते. वस्तुतः या दोन्ही तक्रारींचे मूळ बव्हंशी एकच आहे. फ्लॉवर आणि कोबी यांचा करकरीतपणा ज्या अतिरिक्त मिनिटांत नाहीसा होतो, त्याच मिनिटांत त्यांचा उग्र वासही जन्म घेतो. एवढे ध्यानात आले, म्हणजे दोहोंवरचा उपायही एकच आहे हे सहज कळते.

प्रथम वासाचे पाहू. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी ही सारी एकाच कुळातील भावंडे. या कुळातील वनस्पतींच्या पेशींत गंधकयुक्त द्रव्ये साठविलेली असतात. कच्च्या, अखंड कोबीला जवळजवळ वास नसतो, कारण ही द्रव्ये आणि त्यांचे विघटन करणारे विकर पेशींत निरनिराळ्या कप्प्यांत असतात. विळीचे पाते फिरले की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि मोहरीसारखा किंचित तिखट, नाकाला झोंबणारा वास सुटतो. हा वास वाईट नव्हे. कोशिंबिरीची लज्जत त्यातच असते, आणि तो फार वेळ टिकतही नाही.

घरात रेंगाळणारा वास निराळा आहे. तो उष्णतेने निर्माण होतो. भाजी उकळीच्या उष्णतेत राहिली की गंधकाची द्रव्ये फुटू लागतात आणि त्यांतून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे नासक्या अंड्याला ज्याचा वास येतो तो वायू, आणि त्याच्या जातीची इतर उडून जाणारी द्रव्ये बाहेर पडतात. महत्त्वाची गोष्ट ही, की हे काम सारख्या गतीने चालत नाही. पहिल्या काही मिनिटांत वायू थोडा असतो, पुढे तो झपाट्याने वाढतो. कोबी उकळत्या पाण्यात शिजविला असता पाचव्या मिनिटापासून सातव्या मिनिटापर्यंत या वायूचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते, असे प्रयोगांत आढळलेले आहे. म्हणजे ‘आणखी दोनच मिनिटे राहू दे’ असे म्हणून ठेवलेल्या भाजीने त्या दोन मिनिटांत आधीच्या साऱ्या वेळेइतका वास जमा केलेला असतो. माणसाचे नाक या द्रव्यांच्या बाबतीत इतके तीक्ष्ण आहे, की त्यांचा अंशदेखील त्याला पुरतो.

आता करकरीतपणाचे. भाजीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या द्रव्याने चिकटलेल्या असतात. विटांमध्ये जसा चुना, तसे पेशींमध्ये पेक्टिन. पाणी उकळीच्या जवळ पोहोचले की हे पेक्टिन विरघळू लागते. पेशी सुट्या होतात. भाजी मऊ पडते. थोडे विरघळले तर दाताखाली सुखद लागते, अधिक विरघळले तर तुरा देठापासून गळून पडतो. पाण्यात खाण्याचा सोडा टाकला तर हे विरघळणे फारच वेगाने होते आणि पांढरा फ्लॉवर पिवळटही पडतो. म्हणून लवकर शिजावे या हेतूने चिमूटभर सोडा घालण्याची रीत येथे सर्वस्वी टाकून द्यावी. उलट लिंबू, टोमॅटो, दही यांच्या आंबटपणाने पेक्टिनचे विरघळणे मंदावते. त्यामुळे टोमॅटोच्या रश्शात फ्लॉवर अधिक वेळ घट्ट राहतो. मात्र आंबटपणाने गंधकाचा वास नाहीसा होत नाही. तो केवळ निराळ्या वासाखाली झाकला जातो. हिंगाचेही तसेच. हिंगाच्या अंगी स्वतःचाच गंधकी वास आहे. तो चवीसाठी घालावा, दुसरा वास मारण्यासाठी नव्हे.

येथपर्यंतच्या विवेचनावरून कोणी म्हणेल, की मग भाजी कमी शिजवावी, एवढेच ना? परंतु कमी शिजविलेला फ्लॉवर कचवट लागतो आणि घरातली माणसे तो ताटात बाजूला सारतात. कौशल्य आहे ते सर्व तुकडे एकाच वेळी, थोड्या वेळात, नेमके शिजविण्यात. मानेसरच्या जानेवारीतला एक किलो वजनाचा गड्डा घेऊन हे कसे साधते ते पाहू.

गड्डा निवडतानाच निम्मे काम होते. तो पांढरा किंवा फिकट सायीच्या रंगाचा, घट्ट, हाताला जड आणि भोवतीची पाने ताजी असलेला घ्यावा. तुरे एकमेकांपासून सुटू लागले असतील, वर काळपट ठिपके आले असतील, किंवा कच्चा असतानाच नाकाजवळ धरल्यावर त्याला उग्र वास येत असेल, तर तो शिळा झालेला आहे आणि कोणत्याही युक्तीने त्याची भाजी सुवासिक होणार नाही. जातीचाही फरक पडतो. 1822 साली सहारनपूरच्या कंपनी बागेत विलायतेहून फ्लॉवरचे बी आले. येथील उष्ण आणि दमट हवेत पिढ्यान्‌पिढ्या लावून, निवडून त्यापासून ज्या देशी जाती तयार झाल्या, त्या उकाड्यातही गड्डा धरतात, पण त्यांचा वास अधिक उग्र असतो, गड्डा काहीसा सैल आणि पिवळसर असतो. दिल्लीच्या पुसा संस्थेच्या ‘पुसा कातकी’, ‘पुसा दीपाली’ यांसारख्या लवकर येणाऱ्या जाती याच घराण्यातल्या. थंडी पडल्यानंतर येणाऱ्या ‘पुसा स्नोबॉल’सारख्या जाती थंड प्रदेशातल्या कुळातील; त्या शुभ्र, घट्ट आणि सौम्य वासाच्या. म्हणून दसऱ्याच्या सुमारास आणलेला फ्लॉवर आणि माघात आणलेला फ्लॉवर यांची वागणूक एकसारखी असणार नाही. आधीच्याला अधिक जपावे लागते.

पाने आणि जाड दांडा काढल्यावर किलोभर गड्ड्यातून सुमारे 600 ग्रॅम तुरे हाती येतात. ते सर्व एका मापाचे, लहान लिंबाएवढे करावेत. हीच पायरी बहुतेक ठिकाणी घाईत उरकली जाते. एक तुरा सुपारीएवढा आणि दुसरा पेरूएवढा असेल, तर मोठा शिजेपर्यंत लहानाचा गाळ होणारच. तुऱ्याचा देठ फुलापेक्षा उशिरा शिजतो. म्हणून जाड देठाला खालून सुरीने एक उभी चीर द्यावी, म्हणजे दोन्ही भाग बरोबरीने शिजतात. मग अळ्यांसाठी थंड पाण्यात मूठभर मीठ टाकून त्यात तुरे दहा मिनिटे बुडवून ठेवावेत आणि उपसून घ्यावेत.

यापुढची पायरी फारशी रूढ नाही, पण तिचा गुण मोठा आहे. भाजीतच एक असे विकर असते, की जे कोमट आणि कढत यांच्या मधल्या उष्णतेत, सुमारे 50 ते 60 अंश सेल्सिअसला, जागे होते. ते पेक्टिनमध्ये थोडासा बदल घडविते आणि त्या बदललेल्या पेक्टिनला कॅल्शियम घट्ट बांधून ठेवते. एकदा ही बांधणी झाली, की नंतर उकळीच्या उष्णतेतही भाजी लवकर ढासळत नाही. थर्मामीटरवाचून ही उष्णता मिळविण्याची युक्ती सोपी आहे. मानेसरच्या हिवाळ्यात नळाचे पाणी चांगलेच गार, 15 अंशांच्या आसपास असते. उकळत्या पाण्याची तीन भांडी आणि त्याच मापाने नळाच्या पाण्याची दोन भांडी, असे मिळून दोन लिटर पाणी करावे आणि त्यात तुरे टाकावेत. गार तुऱ्यांमुळे पाणी आपोआप 55 अंशांच्या जवळ येते. मुंबईत किंवा कोकणात नळाचे पाणी मुळातच कोमट असते; तेथे उकळते आणि साधे पाणी सारख्या मापाने घेतले तरी हिशेब जुळतो. पाण्यात बोट घातले असता चटका बसून ते लगेच काढावेसे वाटावे, पण पाण्यातून बुडबुडे मात्र येऊ नयेत, ही खूण. वर झाकण ठेवून वीस मिनिटांनी तुरे उपसावेत.

या ठिकाणी एक गोष्ट मानेसरकरांच्या सोयीची आहे. तेथील जमिनीखालचे पाणी जड आहे. डाळ त्यात लवकर शिजत नाही, म्हणून घरोघर त्याला नावे ठेवली जातात. परंतु पाण्याचा जडपणा म्हणजे त्यातला चुनखडीचा अंश, म्हणजेच कॅल्शियम. डाळीला जे बाधते तेच फ्लॉवरला घट्टपणा देते. म्हणून या भिजविण्यासाठी गाळणयंत्रातून काढलेले हलके पाणी खर्ची घालू नये. नळाचे स्वच्छ पाणीच घ्यावे. भिजविलेले पाणी फेकून द्यावे. त्याबरोबर गंधकाच्या द्रव्यांचा थोडा भाग आणि थोडे जीवनसत्त्वही जाते. हा तोटा पत्करूनच ही रीत वापरायची असते. ज्यांना तो नको असेल, त्यांनी ही पायरी गाळून पुढील पायऱ्या अधिक काटेकोरपणे सांभाळाव्यात.

उपसलेले तुरे स्वच्छ फडक्यावर पसरून कोरडे होऊ द्यावेत. ओले तुरे कढईत टाकले तर तेल निवते, पाणी साचते आणि भाजी परतली जाण्याऐवजी उकडली जाते. कढई पसरट असावी, इतकी की तुरे तिच्यात एका थरात मावतील. ढीग केला तर तळचे तुरे गळतात आणि वरचे कच्चे राहतात. मग वरच्यांसाठी वेळ वाढवावा लागतो आणि वासाला आमंत्रण मिळते. तीन मोठे चमचे तेल चांगले तापवून मोहरी, हिंग, हळद यांची फोडणी करावी, तुरे घालावेत आणि मोठ्या आचेवर तीन मिनिटे परतावेत. कडा जागोजाग सोनेरी झाल्या, की दोन चमचे पाणी शिंपडून, आच मध्यम करून, फक्त दोन मिनिटे झाकण ठेवावे. नंतर झाकण काढून पुन्हा दोनतीन मिनिटे परतावे. मीठ या शेवटच्या टप्प्यात घालावे, कारण आरंभी घातलेले मीठ तुऱ्यांतले पाणी ओढून काढते आणि कढईत पुन्हा उकडण्याचा प्रकार सुरू होतो. एकंदर वेळ सातआठ मिनिटांपलीकडे जाऊ नये.

झाकणाविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे, कारण मराठी घरांत ताटात पाणी ठेवून ते भाजीवर झाकण म्हणून ठेवण्याची जुनी आणि चांगली पद्धत आहे. दुधी, पडवळ यांच्या बाबतीत तिला तोड नाही. वाफ थंड ताटाला लागून तिचे पाणी होते आणि भाजी पाण्यावाचून शिजते. पण फ्लॉवर आणि कोबी यांच्या बाबतीत तेच झाकण गंधकाचे वायू आत कोंडून ठेवते. थेंबांबरोबर त्यांचा काही भाग पुन्हा भाजीत उतरतो आणि उरलेला, झाकण उघडताच, एकदम घरात पसरतो. झाकण मुळीच न ठेवले तर वेळ वाढतो. म्हणून झाकण ठेवायचे, पण दोन मिनिटांसाठीच. प्रेशर कुकरचा तर येथे विचारही करू नये. त्याच्या आत उकळत्या पाण्याहून अधिक उष्णता असते. एका शिट्टीतच फ्लॉवर पुढे जातो आणि शिट्टीबरोबर सारा वास खोलीभर पसरतो.

भाजी झाली हे कसे ओळखावे? तुऱ्याच्या जाड देठात सुरीचे टोक खुपसावे. ते सहज, लोण्यातून जावे तसे गेले, तर उशीर झालेला आहे. किंचित अडून मग आत गेले, तर तीच वेळ. त्याच क्षणी कढई चुलीवरून उतरवून भाजी परातीत पसरावी. तापलेल्या कढईत राहिलेली भाजी आच बंद झाल्यावरही शिजतच असते, ही गोष्ट अनेकींच्या लक्षात येत नाही. चुलीवर नेमकी उतरलेली भाजी जेवायला बसेपर्यंत मऊ पडते, त्याचे कारण हेच.

कारखान्याच्या पाळीसाठी डबा भरताना याच चुकीचा फटका अधिक बसतो. वाफाळती भाजी डब्यात घालून झाकण घट्ट लावले, की डबा हाच एक लहानसा कुकर होतो. आतल्या आत भाजी शिजत राहते, वायू कोंडतो आणि दुपारी उपाहारगृहात झाकण उघडताच शेजारी बसलेली मंडळी माना वळवितात. यासाठी भाजी परातीत पसरून दहापंधरा मिनिटे निवू द्यावी, वाफ पूर्ण थांबली की डबा भरावा आणि दुपारीच ती संपवावी.

कोबीची रीत याच तत्त्वावर चालते, पण तिच्यात एक निराळा धोका आहे. कोबी हे नाव पोर्तुगिजांच्या भाषेतून मराठीत आले आणि भाजीही या मातीत परकीच. पण हरभऱ्याच्या डाळीशी तिचे लग्न मराठी स्वयंपाकघरानेच लावून दिले. हे जोडपे चवीला उत्तम आहे. अडचण इतकीच, की दोघांची शिजण्याची वेळ जुळत नाही. बारीक चिरलेल्या कोबीला चारपाच मिनिटे पुरतात. तासभर भिजविलेल्या डाळीला पंधरावीस मिनिटेही पुरत नाहीत, आणि जड पाण्यात तर त्याहून अधिक लागतात. दोन्ही एकत्र घातले, की डाळीची वाट पाहता पाहता कोबी तिप्पट वेळ उकडतो. घराघरांतून येणारा कोबीचा तो परिचित, दडपा वास पुष्कळदा अशा वाट पाहण्यातूनच निर्माण झालेला असतो. यासाठी डाळ तीनचार तास भिजवून, वेगळी, बोटाने दाबली असता फुटेल इतपत शिजवून घ्यावी. फोडणीत आधी ती परतावी आणि मग कोबी घालावा. उत्तरेकडच्या बटाटा-फ्लॉवरलाही हाच नियम लागू आहे. बटाटा आधी, तो निम्म्याहून अधिक शिजल्यावर फ्लॉवर. रस्सा करायचा असेल तर रस्सा पूर्ण उकळून तयार करावा आणि परतलेले तुरे त्यात शेवटच्या तीनचार मिनिटांपुरते सोडावेत.

कोबी चिरून फार वेळ ठेवू नये. रात्री चिरून शीतकपाटात ठेवलेला कोबी सकाळपर्यंत स्वतःच वास धरतो, कारण विळीने मोडलेल्या पेशींत विघटनाचे काम चालूच असते. सकाळी घाई असेल तर डाळ रात्री शिजवून ठेवावी. कोबी मात्र सकाळीच चिरावा. फोडणी तडतडण्याइतक्या अवधीत चाकू हातात घेतला तरी चालतो.

एवढे करूनही काही वास येणारच, कारण पहिल्या मिनिटापासून तो थोडाथोडा निघत असतो. वायुनिःसारक पंखा असेल तर तो फोडणीपूर्वी लावावा. वास पसरल्यावर लावलेला पंखा खोलीतली हवा मंदपणे बदलतो, पण पडद्यांत शिरलेला वास त्याला काढता येत नाही. पंखा बाहेर हवा टाकतो तेव्हा दुसरीकडून हवा आत यावी लागते. म्हणून दूरच्या खोलीतली एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी. भाजी उकडली असल्यास ते पाणी मोरीत गरम असतानाच नळ सोडून वाहून जाऊ द्यावे, भांड्यात निवत ठेवू नये. कढई लगेच घासावी, आणि पाने व दांडे असलेली कचऱ्याची पिशवी त्याच दिवशी बाहेर न्यावी. मानेसरच्या थंडीत बंद घरात जो वास दुसऱ्या दिवशीही येतो, तो कित्येकदा भाजीचा नसून या विसरलेल्या पाण्याचा आणि पिशवीचा असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच पांढराशुभ्र गड्डा विळीसमोर येईल, तेव्हा घड्याळाकडे पाहून फोडणी करावी आणि देठात टोचलेल्या सुरीचे ऐकावे. तुरा तुऱ्यासारखा राहिला असेल, तर वासही बहुधा कढईपाशीच थांबलेला असेल.